एक जूनपासून तेवीस हजार

"यंदा भाड्याचं जरा बघावं लागेल हं, काका." जिन्यात किंवा सोसायटीच्या फाटकाशी उभ्या उभ्या टाकलेलं हे वाक्य पुण्या-ठाण्यातल्या बहुतेक भाडेकरूंनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. बोलणाऱ्याला वाटतं, चला, विषय काढून झाला. ऐकणाऱ्याला मात्र किती वाढ, कधीपासून आणि जमलं नाही तर काय, यांतलं काहीच कळलेलं नसतं. तो "हो हो, बघू" म्हणतो आणि खरोखरच काही बघत नाही, कारण बघायचं काय हेच त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दोन महिन्यांनी मोबाइलवर मेसेज येतो, "या महिन्यापासून २५ पाठवा," आणि मग मात्र दोन्हीकडून आवाज चढतात.

मालक हे असं अर्धवट बोलतो ते बहुतेक वेळा भिडेपोटी. भाडेकरू जुना आहे, वेळेवर पैसे देतो, दिवाळीला फराळाचं ताट पाठवतो, त्याच्याशी आकड्यांत बोलणं उद्धटपणाचं वाटतं. प्रत्यक्षात भाडेकरूला त्रास होतो तो संदिग्धपणाचा. ज्याला घरखर्चाचा हिशेब मांडायचा आहे किंवा दुसरं घर शोधायचं आहे, त्याला आकडा, तारीख आणि पुरेसा वेळ देणं हाच भाडेवाढीच्या पत्रातला खरा विनय. "कृपया" आणि "विनंती" हे शब्द त्यानंतर.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. पुण्यात कोथरूडला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. मालकीणबाई चाळिशीच्या, नोकरी करणाऱ्या. फ्लॅट वडिलांकडून आलेला. भाडेकरू म्हणजे निवृत्त पती-पत्नी, बाई त्यांना काका-काकू म्हणतात. सात वर्षं ते तिथे राहताहेत. सुरुवातीला भाडं १८,००० होतं, चार वर्षांपूर्वी २०,००० झालं आणि तिथेच थांबलं. त्या भागात तशाच फ्लॅटला आता २६,००० मिळतात. अनामत ६०,००० रुपये. चालू करार ३१ मे रोजी संपतो.

पत्राला हात घालण्याआधी बाईंनी तो करार काढून वाचायला हवा. महाराष्ट्रात घरं भाड्याने जातात ती आता मुख्यतः 'लिव्ह अँड लायसन्स' करारावर, बहुधा अकरा महिन्यांच्या. त्यात ठरलेली रक्कम त्या मुदतीपुरती ठरलेली असते. मुदतीच्या मध्येच वाढवण्याचं कलम करारात नसेल, तर ऑक्टोबरमध्ये उठून "नोव्हेंबरपासून जास्त द्या" असं सांगण्याचा अधिकार मालकाला नाही, पत्र कितीही गोड लिहिलं तरी. म्हणजे अशा घराच्या बाबतीत ज्याला आपण भाडेवाढीची नोटीस म्हणतो, तो खरं तर पुढच्या कराराचा प्रस्ताव असतो. 'चालू करार अमुक तारखेला संपतो, पुढचा करायचा असेल तर तो या रकमेवर होईल.' हे एकदा नीट समजलं की पत्राचा सूर आपोआप जागेवर येतो. मालक याचना करत नसतो, दमही देत नसतो. तो एक व्यवहार पुढे मांडत असतो आणि समोरच्याला हो किंवा नाही म्हणायला मोकळं ठेवत असतो.

अकरा महिन्यांच्या करारात एक गंमत असते. तो दरवर्षी एक महिना मागे सरकतो. गेल्या वर्षी जूनअखेर संपला असेल तर यंदा मेअखेर, पुढच्या वेळी एप्रिलअखेर. "आपला करार जूनमध्ये असतो" असं मनात धरून बसलेला मालक मग तारीख उलटून गेल्यावर जागा होतो. त्यामुळे तारीख आठवणीतून न लिहिता कागदावरूनच उतरवून घ्यावी. काहींचा करार तीन वर्षांचा असतो आणि दरवर्षी पाच टक्के वाढ त्यातच लिहिलेली असते. तिथे प्रस्ताव नको, कलमाचा क्रमांक देऊन साधी आठवण करून दिली की झालं.

काहींच्या बाबतीत कपाट उघडल्यावर असं दिसतं की शेवटचा करार तीन वर्षांपूर्वीच संपलाय आणि त्यानंतर सगळं तोंडीच चाललंय. इथे मालकाने सावध व्हावं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी करून तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल, तर कोणत्या अटींवर घर दिलं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. तेव्हा अशा ठिकाणी भाडेवाढीचं पत्र आणि नवा नोंदणीकृत करार करण्याचा प्रस्ताव हे एकाच कागदावर आले पाहिजेत.

मुंबईतल्या पागडीच्या खोल्या आणि जुन्या वाड्यांमधले संरक्षित भाडेकरू यांचं प्रकरण याहून अगदी वेगळं. त्यांना हाच कायदा भाडेकरू मानतो, आणि ३१ मार्च २००० रोजी तो लागू झाल्यापासून मालकाला वर्षाला चार टक्के वाढ घेता येते. घरात सुधारणा केली किंवा पालिकेचे कर वाढले, तर त्यापोटीच्या वाढीचे नियम वेगळे आहेत. ८०० रुपये भाडं असेल तर वर्षाची वाढ ३२ रुपये. आजूबाजूला काय दर चालू आहे याला तिथे किंमत नाही, आणि त्या आधारावर लिहिलेलं पत्र भाडेकरूने सरळ बाजूला ठेवलं तर तो चुकत नाही. आपला भाडेकरू कुठल्या गटातला, याबद्दल किंचितही शंका असेल तर आधी वकिलाला करार दाखवावा. या लेखातलं पुढचं सगळं लिव्ह अँड लायसन्सवाल्यांसाठी आहे.

आता आकडा. ठाम पत्र लिहिता येतं ते आकडा मनात पक्का ठरलेला असला तरच, आणि तो पक्का ठरतो कागदावर हिशेब केल्यावर. बाईंच्या भावाचं म्हणणं, सरळ २६,००० माग. बाजारभाव आहे तो. बाईंनी दोन गणितं केली. पहिलं असं, की गेली चार वर्षं दरवर्षी पाच टक्के वाढवत आलो असतो, तर आज भाडं किती असतं? २०,००० चे सुमारे २४,३०० झाले असते. दुसरं असं, की काका-काकूंना २६,००० परवडले नाहीत आणि ते गेले तर काय? तेवीस हजारांऐवजी सव्वीस मिळाले तर अकरा महिन्यांत जास्तीचे ३३,००० हाती येतात. पण नवा भाडेकरू मिळेपर्यंत घर एक महिना रिकामं राहिलं तर त्यातले सव्वीस हजार तिथेच गेले. सात वर्षांनी रंग काढावा लागणार, एजंटला द्यावे लागणार. उरतं ते जवळजवळ शून्य किंवा उणे, शिवाय नवा माणूस वेळेवर पैसे देईल की नाही हे ठाऊक नाही. बाईंनी २३,००० ठरवले. पंधरा टक्के वाढ, बाजारापेक्षा तीन हजारांनी कमी.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट ठरवून टाकायची असते, आणि बहुतेक लोक ती ठरवत नाहीत. घासाघीस झाली तर काय सोडायचं? बाईंनी ठरवलं, रक्कम हलवायची नाही, तारीख हलवता येईल. नवी रक्कम दोन महिने उशिरा सुरू केली तर आपले सहा हजार जातात. पण भाडं हजाराने उतरवलं तर या अकरा महिन्यांत अकरा हजार जातात आणि पुढची प्रत्येक वाढ त्या उतरलेल्या आकड्यावर बसते. ही सवलत पत्रात लिहायची नाही. ती खिशात ठेवायची.

एवढं झाल्यावर बाईंनी मोबाइलवर पहिला मसुदा केला. तो साधारण असा होता:

"काका, कसे आहात? सांगायला फार संकोच वाटतो, पण हल्ली सगळ्याचेच भाव इतके वाढलेत. सोसायटीवालेही ऐकत नाहीत. आमच्या मुलाची कॉलेजची फी यंदा खूप आहे. आपल्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर २६ घेतात. तुम्ही घरचेच म्हणून आम्ही इतकी वर्षं काही बोललो नाही. तरी साधारण २३-२४ पर्यंत करता आलं तर बघाल का? गैरसमज नसावा."

वाचायला अगदी आर्जवी. पण हे भाडेकरूच्या जागी बसून वाचा. '२३-२४' म्हणजे नक्की किती? ज्याला कमी द्यायचंय तो २३ देखील चढा आकडा समजेल आणि २१ पासून बोलणी सुरू करेल. 'करता आलं तर बघाल का' या प्रश्नाचं एक सरळ उत्तर आहे, "नाही हो, जमणार नाही यंदा." ते उत्तर देणारा काही गैर करत नाही, त्याला विचारलंच तसं. कधीपासून, हे कुठेच नाही. मुलाच्या फीचा उल्लेख तर सगळ्यात घातक. आपली घरची अडचण कारण म्हणून पुढे केली की समोरच्याला त्याची अडचण मांडायचं आमंत्रण मिळतं. काकांचं गुडघ्याचं ऑपरेशन, काकूंची औषधं. मग कोणाची अडचण मोठी याची तुलना सुरू होते आणि ती कोणीच जिंकत नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या २६ चा दाखला दिला तर काका म्हणणार, त्यांचं स्वयंपाकघर नवं केलंय, आमच्या ओट्याची फरशी फुटलीय. आणि 'घरचेच म्हणून बोललो नाही' हे वाक्य तर उपकाराची पावती फाडल्यासारखं वाचलं जातं. एवढी सगळी नम्रता, आणि तिच्यातून नेमका ओशाळेपणा आणि थोडा आरोप तेवढा पोचतो.

दुसऱ्या टोकाचा मसुदा इंटरनेटवरच्या नमुन्यांतून किंवा ओळखीच्या वकिलाच्या फायलीतून येतो. 'आपणास या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की' अशी सुरुवात, मध्ये कलमांचे आकडे, शेवटी 'अन्यथा आपणाविरुद्ध कायदेशीर कारवाई करण्यात येईल व त्याच्या सर्वस्वी खर्चास आपण जबाबदार राहाल.' ज्या माणसाने सात वर्षांत एकदाही भाडं चुकवलं नाही, त्याला हे वाचून धक्का बसतो. अशी भाषा भांडण आधीच झालेलं असेल तेव्हासाठी राखून ठेवावी.

बाईंनी शेवटी पाठवलं ते पत्र असं होतं:

"दिनांक १५ मार्च

आदरणीय काका-काकू,

सप्रेम नमस्कार.

आपला सध्याचा लिव्ह अँड लायसन्स करार येत्या ३१ मे रोजी संपत आहे. आपण यापुढेही याच घरात राहावं अशी माझी इच्छा आहे. त्यासाठी १ जून ते ३० एप्रिल असा अकरा महिन्यांचा नवा करार करू या.

नव्या करारात भाडं दरमहा २३,००० रुपये (अक्षरी तेवीस हजार) राहील. सध्या ते २०,००० रुपये आहे, म्हणजे दरमहा ३,००० रुपयांची वाढ आहे. ३१ मेपर्यंत भाडं पूर्वीप्रमाणे २०,००० रुपयेच आहे. अनामत रक्कम ६०,००० रुपये आहे तीच राहील, आणि सोसायटीचा मेंटेनन्स आतापर्यंतप्रमाणे मीच भरेन.

गेली चार वर्षं भाड्यात बदल केलेला नाही. या काळात मेंटेनन्स आणि घरपट्टी दोन्ही वाढले आहेत. नवी रक्कम ठरवताना आपण घर किती व्यवस्थित ठेवलं आहे याचा विचार केला आहे, आणि ती या भागातल्या सध्याच्या दरापेक्षा कमी आहे.

आपला निर्णय कृपया १५ एप्रिलपर्यंत लेखी कळवावा, व्हॉट्सअॅपवर कळवला तरी चालेल. होकार असल्यास मेच्या तिसऱ्या आठवड्यात कराराची नोंदणी करू. आपल्याला दुसरं घर पाहायचं असल्यास ३१ मेपर्यंत हे घर रिकामं करून द्यावं. ताबा मिळाल्यावर अनामत रक्कम त्याच दिवशी परत करेन.

काही विचारायचं असल्यास संध्याकाळी सातनंतर जरूर फोन करावा.

आपली नम्र,"

आणि खाली सही.

यात 'संकोच' नाही, 'नाइलाज' नाही, 'गैरसमज नसावा' नाही. रक्कम आकड्यात आहे आणि अक्षरात आहे, चेकवर असते तशी. नुसते टक्के लिहिले असते तर काकांना गणित करत बसावं लागलं असतं, आणि 'पंधरा टक्के' हे 'तीन हजारां'पेक्षा भारी वाटतं ते वेगळंच. मेपर्यंत भाडं तेच, हे वाक्य फालतू वाटेल, पण एप्रिल-मेचं काय हा फोनवरचा पहिला प्रश्न असतो. अनामत आणि मेंटेनन्स यांचा उल्लेखही त्याच कारणाने. भाडं वाढलं की अनामतही वाढणार का, ही धास्ती प्रत्येक भाडेकरूला असते, आणि जे वाढणार नाही ते सांगितल्याने जे वाढतंय ते पचायला सोपं जातं.

कारण एकदाच दिलं आहे, तीन वाक्यांत, आणि ते घराशी जोडलेलं आहे. मालकाच्या खाजगी गरजेचा त्यात शब्दही नाही. 'या भागातल्या दरापेक्षा कमी' हे लिहायचं तर ते खरंच असलं पाहिजे. काका कोपऱ्यावरच्या एजंटला विचारणारच आहेत. पत्रात 'राहील' आणि 'करू' अशी क्रियापदं आहेत. 'राहावं अशी अपेक्षा आहे' किंवा 'होऊ शकेल का' अशी नाहीत. मराठीत ठामपणा बराचसा क्रियापदात असतो, आणि आदर 'आपण'मध्ये. दोन्ही एकाच वाक्यात सुखाने नांदतात. बाई काकांशी एरवी 'तुम्ही' करतच बोलतात, पण हा कागद उद्या काकांचा मुलगाही वाचणार, तेव्हा 'आपण' बरं.

घर सोडण्याचा पर्याय पत्रात लिहावा की नाही, यावर लोक अडखळतात. धमकीसारखं वाटेल म्हणतात. माझ्या मते तो लिहायलाच हवा, फक्त अनामत परत करण्याच्या वाक्याशेजारी. ज्या दारातून बाहेर जायचं ते दार सन्मानाने उघडं ठेवलेलं दिसलं की ती धमकी राहत नाही. आणि तो पर्याय लिहिलाच नाही, तर नकार आला की मालकाकडे पुढे बोलायला काहीच उरत नाही.

तारखांकडे पुन्हा बघा. पत्र १५ मार्चचं, उत्तर १५ एप्रिलपर्यंत, करार संपणार ३१ मे. भाडेकरूला विचाराला एक महिना, आणि नकार आला तर दोघांनाही दीड महिना, त्याला घर शोधायला आणि हिला भाडेकरू. शाळकरी मुलांचं कुटुंब असेल तर हे आणखी महत्त्वाचं, कारण आपल्याकडे घर बदलायचा काळ म्हणजे परीक्षा संपल्यापासून जूनमध्ये शाळा सुरू होईपर्यंतचा. मेच्या वीस तारखेला नोटीस देणारा मालक कायद्याने कदाचित चुकत नसेल, पण तो भाडेकरूला भिंतीशी उभं करतो, आणि भिंतीशी उभा राहिलेला माणूस हो म्हणाला तरी मनातून भांडतच असतो.

पत्र अचानक दारात पडू नये. बाईंनी आदल्या दिवशी फोन केला. काकांनी तिथेच बोलणी सुरू करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्या म्हणाल्या, "काका, सगळं पत्रात नीट लिहिलंय. निवांत वाचा, मग बोलू." एक प्रत छापून, सही करून हातात दिली, दुसऱ्या प्रतीवर 'प्रत मिळाली' एवढं लिहून काकांची सही आणि तारीख घेतली. त्याच पत्राचा फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवला. मालक दुसऱ्या गावी असेल तर स्पीड पोस्टने पाठवून पोचल्याची नोंद जपावी. हे संशयापोटी करायचं नसतं. सहा महिन्यांनी दोघांच्याही आठवणी आपापल्या सोयीने बदललेल्या असतात, म्हणून करायचं.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात काकांचा मेसेज आला. तीन हजार एकदम जास्त होतात, पेन्शनीत बसवणं अवघड आहे, २१,५०० करावेत, आणि बाथरूमची गळती अजून तशीच आहे.

हा क्षण पत्रापेक्षा अवघड. बहुतेक मालक इथे एक तर विरघळतात आणि २२ वर तडजोड करतात, किंवा गळतीचं नाव काढल्याबद्दल चिडतात. गळतीची तक्रार रास्त होती. खरं तर पत्र देण्यापूर्वीच ती मिटवायला हवी होती, कारण वाढीव भाडं मागणाऱ्याच्या घरात भिंतीला ओल असेल तर भाडेकरूला आयता मुद्दा मिळतो. आता मिटवायची, पण भाड्याच्या आकड्याशी तिची सांगड न घालता. बाईंनी उत्तर लिहिलं:

"काका, मेसेज वाचला. गळतीबद्दल आपलं म्हणणं बरोबर आहे. या शनिवारी सकाळी दहाला प्लंबर येईल, त्याचा खर्च माझा. भाड्याची रक्कम २३,००० हीच राहील, ती मी विचार करूनच ठरवली आहे. पण वाढ एकदम अंगावर येते हे मान्य. म्हणून नव्या करारात जून आणि जुलै २०,०००, आणि १ ऑगस्टपासून २३,००० असं लिहू. हे चालत असेल तर १५ तारखेपर्यंत कळवावं."

रक्कम दुसऱ्यांदा सांगितली, पण नवी कारणं जोडली नाहीत. हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. नकार आला की आपण घाबरून आणखी कारणं देऊ लागतो, आणि प्रत्येक नवं कारण म्हणजे खोडून काढायला दिलेला नवा मुद्दा. सवलत मात्र खरी दिली, सहा हजारांची, आणि काकांना घरी काकूंना सांगायला काहीतरी मिळालं. अशी टप्प्याची रक्कम कराराच्या मसुद्यातही तशीच महिन्यांनुसार लिहावी. मुद्रांक शुल्कही मुदतभराच्या एकूण भाड्यावर, अनामतीवरचं व्याज धरून, पाव टक्क्याने मोजलं जातं, त्यामुळे तोंडी सवलत आणि कागदावर वेगळा आकडा असा घोळ करू नये.

काकांचा होकार १३ तारखेला आला. तो आला नसता तर? १६ एप्रिलला दोन ओळींचं दुसरं पत्र जायला हवं होतं. आपलं उत्तर मिळालं नाही, नवा करार होत नसल्यास ३१ मे रोजी ताबा द्यावा, घर पाहायला लोक येतील त्यासाठी सोयीची वेळ सांगावी. गप्प बसून १ जूनला जुनंच भाडं खात्यात आलेलं बघणं आणि काहीच न बोलणं, हे मात्र टाळावं. न बोलता घेतलेला प्रत्येक हप्ता 'जुन्याच अटी चालू आहेत' असं म्हणायला वाव देतो. पैसे आलेच, तर ते कशापोटी घेतले आणि कुठल्या अटी मान्य नाहीत, हे त्याच दिवशी लिहून कळवावं.

मुदत संपूनही लिव्ह अँड लायसन्सवाला घर सोडत नसेल तर त्यासाठी वेगळी वाट कायद्यात आहे. १९९९ च्या कायद्यातलं कलम २४. मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या काळासाठी ठरलेल्या रकमेच्या दुप्पट दराने भरपाई मागता येते. लेखी करार हा तिथे मुख्य पुरावा. पाणी बंद करणं, कुलूप बदलणं, सोसायटीकडून दबाव आणणं, हे मार्ग मालकालाच गोत्यात आणतात. पण यातलं काही पहिल्या पत्रात लिहायचं कारण नाही. हाताशी असलेला कायदा बोलून दाखवला नाही तरी पत्राच्या सुरात उतरतोच.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात करार नोंदवताना बाईंनी एक कलम वाढवून घेतलं, काकांना आधी वाचून दाखवून. करार पुढे नवा करायचा ठरल्यास भाडं पाच टक्क्यांनी वाढेल, आणि दोघांपैकी कोणालाही करार पुढे न्यायचा नसेल तर मुदत संपण्याच्या दोन महिने आधी लेखी कळवावं. काकांनी लगेच कॅल्क्युलेटर काढला. "म्हणजे पुढच्या वेळी चोवीस हजार एकशे पन्नास," ते म्हणाले, "आणि तारीख ३० एप्रिल. काकूला डायरीत लिहून ठेवायला सांगतो."